पाठ : ४०० ग्रॅमचं मोठं पाकीट खरंच स्वस्त असतं का?

इंडियन स्टोअरमध्ये मसाल्यांच्या फळीवर धणे दोन रूपांत मिळतात. एक म्हणजे अख्खे धणे, आणि दुसरी म्हणजे तयार धणेपूड. पूड लहान पाकिटातही असते आणि मोठ्या पाकिटातही. यातलं कोणतं घ्यायचं? चला, हिशोब करून पाहू.

समजा, तुमच्या दुकानात हे भाव आहेत :

अख्खे धणे – ४०० ग्रॅम, ५ डॉलर
धणेपूड, मोठं पाकीट – ४०० ग्रॅम, ६ डॉलर
धणेपूड, लहान पाकीट – १०० ग्रॅम, २ डॉलर

आधी एका ग्रॅमची किंमत काढा. किमतीला वजनाने भागायचं. अख्खे धणे सव्वा सेंटला एक ग्रॅम पडतात, मोठ्या पाकिटातली पूड दीड सेंटला आणि लहान पाकिटातली दोन सेंटला. तुम्ही लगेच म्हणाल, "पूड घ्यायची तर मोठं पाकीटच घेऊ या!" पण थांबा, हिशोब अजून संपला नाही.

आता स्वयंपाकघरात या. एका भाजीत साधारण एक छोटा चमचा धणेपूड लागते. तिचं वजन सुमारे २ ग्रॅम असतं. आठवड्यात चार वेळा भाजी केली, तर ८ ग्रॅम पूड संपते. म्हणजे ४०० ग्रॅम संपायला ५० आठवडे लागतील. जवळजवळ एक वर्ष!

पूड वर्षभर चांगली राहते का? नाही. धण्याचा वास त्याच्या आतल्या तेलात असतो. धणा अख्खा असतो तेव्हा त्याचं साल हे तेल जपून ठेवतं. धणे दळले की आतला भाग उघडा पडतो, त्याला हवा लागते आणि वास हळूहळू उडून जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले अख्खे धणे वर्षभर सहज टिकतात. पुडीचा वास मात्र साधारण सहा महिन्यांत बराच कमी होतो. ती खराब होत नाही, खाल्ली तर पोटही दुखत नाही, पण भाजीला चव येत नाही.

म्हणून मोठ्या पाकिटाचा हिशोब पुन्हा करू. सहा महिन्यांत, म्हणजे सुमारे २५ आठवड्यांत, तुम्ही २०० ग्रॅम पूड वापरली. उरलेल्या २०० ग्रॅमचा वास गेला. मग ६ डॉलर तुम्ही फक्त २०० ग्रॅम चांगल्या पुडीसाठी दिले. एक ग्रॅम पडला तीन सेंटला! लहान पाकीट तीन महिन्यांत संपतं, म्हणून तिथे दोन सेंटचा भाव खरा ठरतो. अख्ख्या धण्यांचा सव्वा सेंटचा भावही खरा राहतो, कारण ते वर्षभर वापरता येतात.

अख्खे धणे आणले तर पूड थोडी थोडी करायची. तीन मोठे चमचे धणे मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजा. वास सुटला की लगेच ताटलीत काढा. पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर वाफेने पुडीच्या गुठळ्या होतात. एवढे धणे मोठ्या मिक्सरमध्ये नीट दळले जात नाहीत. त्यासाठी कॉफी दळायचं छोटं यंत्र किंवा खलबत्ता बरा. ही पूड साधारण दोन आठवडे पुरते.

पण प्रत्येक मसाला अख्खाच आणायचा का? तसं नाही. हळकुंड इतकं कडक असतं की घरी दळताना मिक्सरचं पातं खराब होऊ शकतं. म्हणून हळद तयारच आणा, पण लहान पाकिटात. गरम मसाला तर एका वेळी चिमूटभरच लागतो. तिथे भावापेक्षा वास महत्त्वाचा, म्हणून सगळ्यात लहान पाकीट घ्या.

करून पाहा

घरातली धणेपूड चिमूटभर तळहातावर घेऊन चोळा आणि वास घ्या. छान वास आला तर पूड ताजी आहे. भुशासारखा वास आला किंवा काहीच वास आला नाही, तर ती जुनी झाली.

शब्दार्थ

अख्खा – पूर्ण, न दळलेला
वास उडणे – वास निघून जाणे
हळकुंड – हळदीचा वाळलेला तुकडा
गुठळी – पुडीचा चिकटून झालेला गोळा

प्रश्न

१. धणे दळल्यावर त्यांचा वास लवकर का जातो?
२. भाजलेले धणे गार करूनच का दळायचे?
३. एका घरात आठवड्याला १६ ग्रॅम धणेपूड लागते. त्यांनी ४०० ग्रॅमचं पाकीट घेतलं तर ते किती आठवड्यांत संपेल? त्यांना ते परवडेल का? कारण सांगा.