साठ जागांचा हिशेब

माहितीपुस्तकात लिहिले आहे, 'जागा 60.' पण त्या साऱ्या सरकारी यादीने भरत नाहीत बरं का! महाराष्ट्रातल्या खाजगी विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजात शेकडा 20 जागा कॉलेज स्वतः भरते. 60 पैकी 12 गेल्या. उरल्या 48. त्यांतही राखीव जागांचे वाटे असतात. आपल्या मुलाच्या वाट्याला किती येतात, ते तक्त्यावर बोट ठेवून बघा. अल्पसंख्याकांच्या कॉलेजांचा हिशेब निराळा असतो.

आता खालची बारीक अक्षरे वाचा. फीमाफीच्या जागा शेकडा 5 पर्यंत, म्हणजे 3, असतात. त्या साठाच्या वर असतात. त्यासाठी घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत लागते. तसा दाखला काढून ठेवा. पण माफ होते ते फक्त शिकवण्याचे शुल्क. परीक्षेची फी नि अनामत भरावीच लागते. अनामत पुढे परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा.