सात पानांचा ढीग, सत्तर पानांचं पुडकं

पोरी, एटापल्लीच्या शाळेत रुजू होते आहेस तर पाढ्यांची एक गोष्ट आधी ऐकून ठेव. वर्गातली निम्मीअधिक पोरं घरी माडिया बोलतात. ‘सात त्रिक एकवीस’ ही ओळ ती आठवड्याभरात पाठ करून दाखवतील, चाल तर इतकी छान धरतील की तू खूश होशील. मग एखाद्याला मधूनच विचार, सात सख किती? तो ‘सात एके सात’पासून सुरू करील आणि बोटं मोजत पुढे येईल. असं झालं की समज, पोराला चाल आली आहे, पाढा अजून यायचा आहे.

म्हणून सातचा पाढा मी तेंदूच्या पानांवर शिकवते. आपल्याकडे पुडकं सत्तर पानांचं असतं, आणि उन्हाळ्यात घरदार पुडकी बांधायला बसतं तेव्हा ही पोरंही तिथेच असतात. सात-सात पानांचे दहा ढीग लाव. एका पोराला ढीग मोजायला सांग, माडियात: उंदी, रंड, मूंड, नालुंग. त्याने ‘उंदी’ म्हटलं की बाकीच्यांनी मराठीत पानं सांगायची, ‘सात’. तो ‘रंड’ म्हणाला की ‘चौदा’. ‘मूंड’ला ‘एकवीस’. ढीग घरच्या भाषेत आणि पानं शाळेच्या भाषेत, असं ठेवलं की दोन आकडे एकमेकांत मिसळत नाहीत आणि ‘त्रिक’ म्हणजे तीन ढीग हे वेगळं सांगावं लागत नाही. उच्चार गावागणिक थोडे बदलतात, तर पोराच्या आजीला विचारून तिचाच उच्चार घे. पुढचे आकडे बऱ्याच घरांत मराठीच वापरतात, ते तसेच चालू दे.

चाल रेला गाण्याची धर. रेल्यात एकजण ओळ टाकतो आणि घोळका उचलतो, हे पोरांच्या अंगातच आहे. मात्र टाकणाऱ्याने दरवेळी क्रमाने जायचं नाही. आधी उंदी, पाच आणि दहा एवढे तीनच ढीग पक्के कर: सात, पस्तीस, सत्तर. हे तीन न अडखळता आले की मधले विचार. सात सख अडलं तर एकेपासून चालू देऊ नकोस. पाचव्या ढिगावर हात ठेव, ‘पस्तीस’ म्हण आणि सातची भर घालायला लाव. बेचाळीस. सात नवेसाठी दहाव्या ढिगावरून मागे ये: सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट.

या पाढ्यात खरी अडचण येते ती ‘सात साते एकोणपन्नास’पाशी. पोराला ‘एक’ ऐकू येतं, ‘पन्नास’ ऐकू येतं, आणि पाटीवर ५१ उमटतात. संख्यांच्या या जोड नावांमुळेच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला. मला ती वाट आपल्या पोरांसाठी सोपी वाटली होती. पण बाजारात, हिशेबात ‘एकोणपन्नास’च ऐकू येणार, म्हणून तेही यायला हवं. पन्नास पानं मोजून ठेव, एक काढ आणि म्हणवून घे:

पन्नास पानं मोजली,
एक वाऱ्यानं नेलं,
एकोणपन्नास राहिली,
पुडकं अजून नाही झालं.

आजीकडून याची माडिया ओळ करून घे, पोरं ती जास्त दिवस लक्षात ठेवतात. एकोणतीस, एकोणसाठ यांनाही हीच ओळ चालते, फक्त आकडा बदल.

पाढ्यासारखं शुद्धलेखनही गाण्यातून शिकवता येतं, पण त्याचा एकच नियम गाण्यात घाल, सगळे घालू नकोस. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांतला हा आहे: शेवटचं अक्षर अकारान्त असलं तर त्याच्या आधीची इ-उ दीर्घ, आणि पुढे प्रत्यय लागला की ती ऱ्हस्व. मी असं म्हणवते:

फूल एकटं, उकार मोठा,
फुलात म्हणताना होतो छोटा.
मीठ एकटं, वेलांटी मोठी,
मिठात म्हणताना होते छोटी.

पहिली ओळ म्हणताना हात लांब पसरायचा, दुसरीला आखडायचा. तू स्वतः ‘फूल’ खरोखर लांबवून म्हटलं पाहिजेस, घाईत सगळे सारखंच म्हणतात आणि मग कानाला फरक कळत नाही. दूध-दुधात, वीट-विटेवर, तीळ-तिळाचा हे शब्द पोरांनीच या चालीत बसवावेत.

गाणं कुठे फसतं तेही बघून ठेव. सुख, गुण, विष, मंदिर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द एकटे असतानाही ऱ्हस्वच राहतात, आणि ‘शरीर’चं ‘शरीरात’ झालं तरी री दीर्घच. गाणं पक्कं झाल्यावर पोरं ‘गूण’ लिहू लागतात. त्या वेळी गाणं बदलू नकोस. भिंतीवर या शब्दांचा एक वेगळा कागद लाव आणि वाचताना असा शब्द भेटला की तो त्यात लिहायला त्यांनाच सांग. चौथीपर्यंत त्यावर पंधरावीस शब्द जमले तरी पुष्कळ झाले.