वेतनखाते बदलण्याविषयी पत्र

पूर्वी नोकरदार माणसास वेतनाच्या दिवशी खजिनदारापुढे उभे राहून, सही करून, नोटा मोजून घ्याव्या लागत. आता बहुतेक ठिकाणी वेतन परस्पर बँकेतील खात्यात जमा होते. म्हणून बँक बदलली, की ती गोष्ट कार्यालयास लेखी कळवावी लागते. हे पत्र लहान असते. परंतु त्यात एक अंक चुकला, तरी घरचा महिन्याचा खर्च अडू शकतो. तो कसा, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीतील कारकुनाने आपले बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकास हलविले. जुनी बँक लांब पडू लागली, म्हणून त्याने घराजवळच्या बँकेत खाते उघडले. गिरणीत वेतनपत्रक दरमहा २० तारखेस तयार होई. हे ध्यानात घेऊन त्याने ९ तारखेसच पुढील पत्र दिले.

इचलकरंजी,
दिनांक ९ जून २०२५

मा. व्यवस्थापक,
वेतन विभाग यांस,

विषय : वेतन नव्या बँक खात्यात जमा करण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या गिरणीच्या भांडार विभागात कारकून असून माझा कर्मचारी क्रमांक २१४ आहे. माझे वेतन सध्या भारतीय स्टेट बँकेतील खात्यात जमा होते. त्या खात्याचे शेवटचे चार अंक ३१०६ आहेत. आता मी बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये खाते उघडले आहे. तरी जून २०२५ च्या वेतनापासून माझे वेतन पुढील खात्यात जमा करावे, ही विनंती.

खातेदाराचे नाव : अ. ब. क.
बँक व शाखा : बँक ऑफ महाराष्ट्र, इचलकरंजी
खाते क्रमांक : •••••••४७५८
आयएफएससी : MAHB0••••••

सोबत रद्द केलेला धनादेश जोडला आहे. नोंद बदलल्यावर कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
(सही)
अ. ब. क.

येथे जी अक्षरे व अंक टिंबांनी झाकले आहेत, ते प्रत्यक्ष पत्रात पूर्ण लिहावयाचे असतात. जुन्या खात्याचे मात्र शेवटचे चार अंक पुरतात. कोणती नोंद बदलावयाची, एवढेच त्यावरून कळावयाचे असते.

आयएफएससी म्हणजे बँकेच्या शाखेची खूण. तीत अकरा चिन्हे असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा चिन्हे शाखेची आणि मधले पाचवे चिन्ह नेहमी शून्य. हे शून्य पुष्कळ जण चुकून इंग्रजी ‘ओ’ असे लिहितात.

खाते क्रमांकाची गोष्ट अधिक नाजूक आहे. रक्कम जमा करताना बँक मुख्यतः क्रमांकावर विसंबते, नावावर नव्हे. समजा, कारकुनाने ४७५८ ऐवजी ४७८५ लिहिले. त्या क्रमांकाचे खातेच नसेल, तर रक्कम गिरणीकडे परत येईल. परंतु तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा असेल, तर वेतन त्याच्या खात्यात पडेल, आणि ते परत मिळविण्यास बँकेकडे खेटे घालावे लागतील. यासाठीच रद्द केलेला धनादेश जोडतात. धनादेशावर दोन तिरप्या रेघा ओढून त्यांमध्ये ‘रद्द’ असे लिहावे. सही करू नये. त्यावरील छापील क्रमांक पत्रातील क्रमांकाशी ताडून पाहिला, की चूक तेथेच उघडकीस येते.

असे पत्र दुसऱ्याच्या नावाने एखादा लबाडही पाठवू शकेल. म्हणून कर्मचारी क्रमांक व सही आवश्यक असते. कारकुनाने पत्र स्वतः नेऊन दिले आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. पुढे वाद निघाला, तर पत्र २० तारखेपूर्वी दिले होते, याचा तो पुरावा होय.

त्याने आणखी एक सावधगिरी बाळगली. नव्या खात्यात पहिले वेतन जमा झाल्याचे पाहीपर्यंत त्याने जुने खाते बंद केले नाही. नोंद वेळेवर बदलली नसती, तर वेतन जुन्या खात्यात गेले असते. आणि ते खाते बंद असते, तर रक्कम गिरणीकडे परत फिरून कारकुनाच्या हाती उशिरा पडली असती. शिवाय जुन्या खात्यातून विम्याचा हप्ता परस्पर वळता होत असे. तो नव्या खात्याकडे वळविल्यावरच त्याने जुन्या खात्याचा निरोप घेतला.

स्वाध्याय

१. पत्रात जुन्या खात्याचा उल्लेख कशासाठी केला आहे?
२. कारकुनाने हेच पत्र २५ जूनला दिले असते, तर पत्रातील कोणते वाक्य बदलावे लागले असते? ते लिहा.
३. एका शिक्षिकेने बँक बदलली आहे. तिच्या वतीने मुख्याध्यापकांस असे पत्र लिहा. नावाच्या जागी ‘अ. ब. क.’ लिहा.