हजेरी एका कंपनीची, ड्रॉइंग दुसऱ्याचं

बारामती एमआयडीसीत मुलाला नोकरी लागली की नेमणूकपत्र आधी देवापुढे ठेवलं जातं आणि मग प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कपाटात जातं. पगाराचा आकडा घरात सगळ्यांना पाठ असतो, पण पुढची चार पानं कुणीच वाचत नाही. दीड-दोन वर्षांनी मुलगा सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडून कुणाची तरी ड्रॉइंग करून देऊ लागतो. चार-पाच हजार जास्तीचे येतात, आणि मग आई विचारते, "कंपनीला कळलं तर काढतील का रे?" तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोल्डरमध्येच असतं.

बारामती-इंदापूर पट्ट्यात एका पगारावर चालणारं घर तसंही कमीच. नोकरीसोबत ऊस असतो, गोठ्यात दोन-चार गाई असतात. म्हणून वडील म्हणतात, "आम्ही ड्युटी करून दूध घातलंच की डेअरीला." बरोबर आहे. पण गाय कंपनीची गिऱ्हाईक नव्हती आणि दूध काढायला कंपनीत शिकलेलं काही लागत नव्हतं. ड्रॉइंगचं काम वेगळं आहे. ते त्याच कौशल्यावर, त्याच परिसरातल्या गिऱ्हाइकांसाठी होतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. इंदापूर तालुक्यातल्या जंक्शनला राहणारा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला एक मुलगा बारामतीच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पगार २४,००० रुपये, तीन शिफ्ट, कंपनीची बस. एमआयडीसीतल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याने त्याला विचारलं, "जुन्या कागदी ड्रॉइंग आहेत, कॅडमध्ये करून देशील का? शीटला अडीचशे देतो." वीस शीटचे पाच हजार होतात. मुलगा खूश.

आता कपाटातलं पत्र काढा आणि तीन गोष्टी शोधा. पहिली म्हणजे पूर्णवेळ सेवेची अट. "कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय इतर कोणतीही नोकरी, व्यवसाय किंवा काम करणार नाही" अशा अर्थाचं वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं. त्यात "लेखी परवानगीशिवाय" हे शब्द आहेत की नाहीत, ते आधी बघा. ते असतील तर दार बंद नाही, फक्त विचारून आत जायचं आहे. दुसरी गोष्ट गोपनीयतेची. ड्रॉइंग, दर, व्हेंडरची यादी आणि रिजेक्शनचे आकडे हे सगळं त्यात येतं. तिसरी अट लोकांच्या नजरेतून हमखास सुटते. नोकरीच्या काळात तुम्ही तयार केलेलं काम कुणाच्या मालकीचं, हे तिथे लिहिलेलं असतं. काही पत्रांत "कंपनीच्या वेळेत किंवा कंपनीच्या साधनांवर" एवढीच मर्यादा असते. काहींत कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित काहीही, मग ते घरी बसून केलेलं का असेना, कंपनीचं धरलं जातं. ही दुसरी भाषा असेल, तर त्याच क्षेत्रातलं बाहेरचं काम घेणं धोक्याचं आहे.

आपल्या उदाहरणात गुंता आणखी पुढे आहे. तो फॅब्रिकेशनवाला याच कारखान्याला ब्रॅकेट पुरवतो. त्याचा माल गेटवर आला की तो पास करायचा की परत पाठवायचा, हे आपला मुलगा ज्या क्वालिटी विभागात आहे तोच ठरवतो. मुलाने रात्री पाच हजार घेतले आणि सकाळी त्याच माणसाची लॉट तपासली, तर मोजमाप कितीही प्रामाणिक असलं तरी ते कुणाला पटवून देता येणार नाही. हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो हाच. इथे तास किती गेले, हे कुणी विचारत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्या कंपनीच्या व्हेंडरचं, गिऱ्हाइकाचं किंवा स्पर्धकाचं काम परवानगी मिळाली तरी घेऊ नये. हीच ड्रॉइंग पुण्यातल्या फर्निचरवाल्याची किंवा सांगलीतल्या अवजारं बनवणाऱ्याची असती, तर गोष्ट निराळी होती.

"घरी बसून काय करतो ते कंपनीला कसं कळणार?" हा प्रश्न मुलं मला नेहमी विचारतात. ऑटोकॅडमध्ये `DWGPROPS` टाइप करा आणि Statistics हा टॅब उघडा. फाइल शेवटची कुणी सेव्ह केली त्याचं लॉगिन नाव "Last saved by" पुढे दिसतं. कंपनीच्या लॅपटॉपवर एकदा जरी ती फाइल उघडून सेव्ह केली असेल, तर कंपनीने दिलेलं नाव तिथे बसतं, आणि ती फाइल व्हेंडरच्या मेलमधून फिरत परत कंपनीतच येऊ शकते. कॉलेजमध्ये मिळालेल्या सॉलिडवर्क्सच्या लायसन्सचंही तसंच आहे. प्रिंट काढली की शीटवर "SOLIDWORKS Educational Product. For Instructional Use Only." असं छापून येतं. त्या लायसन्सवर पैसे घेऊन काम करायची परवानगीच नसते. स्वतःचं मशीन आणि व्यावसायिक वापराला चालणारं सॉफ्टवेअर यांचा खर्च धरूनच दर ठरवा.

कायदा काय म्हणतो? यातला पायाभूत खटला महाराष्ट्रातलाच आहे. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यात १९६३ साली सेंच्युरी कंपनीने निरंजन गोलिकरी यांना शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या कराराने घेतलं होतं. ते मध्येच सोडून राजस्थानातल्या दुसऱ्या कंपनीत गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कराराचा काळ चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट ही सर्वसाधारणपणे १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली व्यवसायावरचा बेकायदा निर्बंध ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. नोकरी संपल्यानंतरही स्पर्धकाकडे जाऊ नका, अशा अटी मात्र त्याच कलमाखाली सहसा टिकत नाहीत. म्हणजे हजेरीपटावर नाव आहे तोवर अट पाळावीच लागते.

कंपन्यांचं धोरणही एकसारखं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास इन्फोसिसने दुहेरी नोकरीविरुद्ध ताकीद दिली, पण पुढच्याच महिन्यात व्यवस्थापकाची पूर्वपरवानगी घेऊन, स्पर्धक किंवा गिऱ्हाइकाचं नसलेलं काम स्वतःच्या वेळेत करायला मोकळीक दिली. बारामतीच्या कारखान्यात अर्ज करताना ही भाषा उपयोगी पडते. अर्ज लहान ठेवा. "मी सुट्टीच्या वेळेत, स्वतःच्या संगणकावर, फर्निचर क्षेत्रातील ग्राहकांसाठी द्विमितीय ड्रॉइंग करू इच्छितो. यातील कोणीही कंपनीचा पुरवठादार, ग्राहक वा स्पर्धक नाही. असा संबंध निर्माण झाल्यास मी तात्काळ कळवून काम थांबवेन. कृपया लेखी परवानगी द्यावी." हा मजकूर एचआरला ईमेलने पाठवा आणि साहेबांना प्रत द्या. चहाच्या टपरीवर साहेब "कर रे, काय होतंय" म्हणाले, ती परवानगी नव्हे. साहेब बदलून गेले की ते वाक्यही त्यांच्यासोबत जातं. प्रोबेशन संपेपर्यंत तर अर्जही करू नका, कारण त्या काळात सहसा थोड्या दिवसांच्या नोटिशीवर काढता येतं.

आता शक्तीचा हिशोब. परवानगी मिळाली, काम फर्निचरवाल्याचं आहे, आणि दर आठवड्याला वीस शीट द्यायचं कबूल केलं आहे. एका शीटला चाळीस मिनिटं धरली तर वीस शीटना सव्वातेरा तास होतात. दुरुस्त्यांना तीन तास, फोन आणि बिलाला एक-सव्वा तास, असे साडेसतरा तास जातात. तासाला साधारण २८५ रुपये पडले. पगाराचे २६ दिवस आणि बससकट दहा-दहा तास धरले, तर तिथे तासाला ९२ रुपये पडतात. हा आकडा बघून मुलांचं डोकं फिरतं, आणि पगारासोबत पीएफ येतो, आजारी पडलं तर रजा मिळते, हे ती विसरतात.

साडेसतरा तास येणार कुठून? पहिली शिफ्ट सात ते तीन. सहाची बस, घरी चार वाजता. पहाटे उठायचं असल्याने रात्री नऊनंतर डोळे मिटतातच, म्हणून संध्याकाळी पाच ते सात, तेही आठवड्यातले तीनच दिवस धरा. हे सहा तास झाले. दुसऱ्या शिफ्टला रात्री बारा वाजता घरी येणं होतं. आठपर्यंत झोप झाली की साडेनऊ ते साडेबारा हे तीन तास सोन्यासारखे असतात. असे चार दिवस म्हणजे बारा तास. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात शून्य धरा. सकाळी आठला घरी येऊन दिवसा झोपलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, पण आकडे वाचणारं मन जागं नसतं. तीन आठवड्यांचे मिळून अठरा तास होतात. म्हणजे वीस शीटचं एक काम तीन आठवड्यांतून एकदाच बसतं, आणि मुलाने कबूल केलं आहे दर आठवड्याला.

ऊस असेल तर हेही कमी होतं. शेतीची वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात दारं धरायला कुणी जायचं, ते घरात आधी ठरवा. पालकांनी मदत करायचीच असेल, तर या ठिकाणी करावी.

जास्त घेतलं तर आधी बिघडतं ते माप. नाइटच्या आठवड्यात ३२ च्या जागी २३ टाइप होतं आणि त्या मापाने प्लायवूड कापलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. गिऱ्हाइकाकडून परत येणाऱ्या शीट मोजा. वीसपैकी दोन येत होत्या त्या पाच येऊ लागल्या, किंवा बसमध्ये झोप लागून स्टॉप चुकू लागला, की पुढचं काम थांबवा. तारीख देताना पुढचा शनिवार सांगू नका, दुसऱ्या शिफ्टचा शनिवार सांगा. आणि ड्युटीच्या वेळेत गिऱ्हाइकाचा फोन घेणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळवा.

पैशाबद्दल एकच सांगतो. ते वडिलांच्या खात्यावर घेऊ नका. उद्या चौकशी झाली तर सरळ काम केलेलंही लपवल्यासारखं दिसतं. स्वतःच्या वेगळ्या खात्यावर, बिल देऊन घ्या. हे व्यवसायाचं उत्पन्न असल्याने नुसत्या पगाराचा सोपा फॉर्म, म्हणजे ITR-1, चालत नाही. कोणता भरायचा ते सीएला विचारा.

एमपीएससी करणाऱ्यांसाठी वाट निराळी आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९च्या वर्तणूक नियमांतला नियम १६ लागू होतो. खासगी व्यवसाय किंवा नोकरीला शासनाची पूर्वमंजुरी लागते. अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक वा वैज्ञानिक कामाला, कर्तव्यात अडथळा येत नसेल तर, मोकळीक आहे. ड्रॉइंगचा नियमित धंदा त्यात बसवू नका.

आणि अजून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांनी एक करावं. आत्ता गावातल्या वर्कशॉपची कामं करत असाल, तर सही करण्याआधी ती कामं आणि गिऱ्हाइकांची नावं एका कागदावर लिहून नेमणूकपत्राला जोडायला सांगा. एचआर एक तर ते जोडून घेईल किंवा ही कामं थांबवावी लागतील असं स्पष्ट सांगेल. तेव्हा तुमच्या हातात ऑफर असते आणि नाही म्हणायची मुभाही असते.