ग्रुपवरच्या गदारोळातून घटनेची नोंद

प्रश्न : सोसायटीची लिफ्ट रात्री अडकली, आत एक आजी होत्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. सेक्रेटरी म्हणून समितीपुढे तटस्थ नोंद कशी ठेवू?

उत्तर : आधी चॅट एक्स्पोर्ट करून ती फाइल हात न लावता जपून ठेवा. पुढे कुणी मेसेज डिलीट केला तरी प्रत राहते.

खरा घोळ वेळेचा असतो. मेसेजवर दिसते ती पाठवल्याची वेळ, घटनेची नव्हे. ३०२ मधल्या काकांनी ९.४० ला 'वीस मिनिटं झाली, लिफ्ट बंद आहे' असे लिहिले असेल, तर नोंद अशी होईल : 'सुमारे ९.२० : लिफ्ट थांबली (३०२ यांचा ९.४० चा मेसेज).' 'सुमारे' गाळू नका. लिफ्ट कंपनीला फोन कधी केला, हे मात्र फोनच्या कॉल लॉगवरूनच घ्या.

'वॉचमन झोपला होता' असे पाच जण लिहितात, पण पाहिलेले असते एखाद्याने. बाकीचे री ओढतात. ज्याने पाहिले त्यालाच विचारा आणि लिहा : '९.४५ : वॉचमन खुर्चीत झोपलेला दिसला, असे ३०२ सांगतात. आपण मीटर रूममध्ये होतो, असे वॉचमन सांगतो.' निवाडा समितीचा. 'तब्बल', 'चक्क', 'अखेर' हे शब्द काढा. ते गुपचूप बाजू घेतात. ९.५० ते १०.१५ मध्ये काही कळत नसेल, तर 'माहिती उपलब्ध नाही' असेच लिहा. मसुदा ग्रुपवर टाकू नका, पुन्हा तेच रामायण सुरू होईल. ज्यांचा उल्लेख आहे त्यांना वेगवेगळा दाखवा.