पौडापलीकडील विवाह

प्रश्न : कन्येचा विवाह पौडच्या पुढे एका शेतघरी, दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या मुहूर्तावर आहे. पुण्याहून 600 निमंत्रित येतील. वाहने, बसगाड्या व फलक यांचा बंदोबस्त कसा करावा?

उत्तर : 200 पाहुणे बसने येतील असे गृहीत धरले आणि उर्वरितांपैकी तिघांमागे एक मोटार धरली, तर सुमारे 130 मोटारी होतात, आणि मधल्या वाटांसह प्रत्येकीस 25 चौरस मीटर लागत असल्याने 32 गुंठे सलग जमीन हवी. भातखाचर ठरविण्यापूर्वी बांध मोजावेत. मालक जागा सांगतो, बांध सांगत नाही.

45 आसनी पाच बसगाड्यांपैकी शेवटची चांदणी चौकातून 10 वाजताच सोडावी, कारण पिरंगुटच्या घाटात लग्नसराईची गर्दी तुंबली की मुहूर्ताचा हिशेब हुकतो. परतीची पहिली बस मात्र सर्व पंगती उठेपर्यंत रोखून न धरता दीड वाजता काढावी. वृद्ध मंडळी तिचीच वाट पाहत असतात.

फलक केवळ वळणावरच लावणे हा सार्वत्रिक प्रमाद होय : तो दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. म्हणून पहिला 200 मीटर अलीकडे, दुसरा वळणावर आणि तिसरा, ‘मार्ग बरोबर आहे’ असा दिलासा देणारा, वळल्यानंतर लावावा.