विलोब्रुकमधल्या सह्या

(सुलभामावशी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर सदस्य आहे. तिची भाची मेघना नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करते आहे.)

मेघना : मावशी, कमिटीने माझा आराखडा परत पाठवला. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहणाऱ्या बायकांच्या झोपेचा अभ्यास आहे. रात्री मनगटावर घड्याळासारखं यंत्र बांधायचं, सकाळी चार प्रश्न विचारायचे. प्रत्येकीची सही घेणार आहे, मग अडलं कुठे?

मावशी : सह्या विलोब्रुकमध्येही होत्या. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची ती सरकारी संस्था. जागा साधारण ४,००० जणांची, आणि १९६०च्या दशकात राहत होते ६,०००च्या आसपास. गर्दी आणि घाण इतकी, की कावीळ तिथे कायमची मुक्कामाला. सॉल क्रुगमन या डॉक्टरांनी १९५०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे काविळीचा अभ्यास केला. नव्या आलेल्या काही मुलांना त्यांनी मुद्दाम विषाणू दिला.

मेघना : मुद्दाम? आणि आईवडील हो म्हणाले?

मावशी : लेखी हो म्हणाले. क्रुगमन यांचं म्हणणं असं, की मुलाला इथे आज ना उद्या कावीळ होणारच. मग ती आमच्या वेगळ्या, स्वच्छ विभागात, देखरेखीखाली झालेली बरी. आणि अभ्यासातून निष्पन्नही झालं. काविळीचे दोन वेगळे प्रकार त्यांनी दाखवून दिले, ज्यांना आपण आज ए आणि बी म्हणतो.

मेघना : ऐकायला पटतं गं ते.

मावशी : पटतं, म्हणूनच ते नीट तपासावं लागतं. कावीळ ‘होणारच’ होती ती कशामुळे? संस्थेच्या अवस्थेमुळे. ती अवस्था सुधारण्याऐवजी तिचाच आधार घेऊन मुलं निवडली गेली. दुसरं म्हणजे, तिथल्या प्रौढ कर्मचाऱ्यांनाही संसर्गाचा धोका होता. त्यांना विचारता आलं असतं, तेही स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणारे. आणि तिसरं मला सगळ्यांत जास्त लागतं. १९६४च्या अखेरीस गर्दीमुळे नवे प्रवेश बंद झाले, पण काविळीच्या विभागात जागा होती. घरी सांभाळणं अशक्य झालेल्या मुलाच्या आईला कळवलं जायचं, की त्या विभागात प्रवेश मिळू शकेल. आता सांग, तिने सही केली ती कशासाठी?

मेघना : जागेसाठी.

मावशी : हेन्री बीचर यांनी १९६६मध्ये आक्षेपार्ह संशोधनाची २२ उदाहरणं छापली, त्यांत हेही होतं. तरी काम पुढे काही वर्षं चाललंच. आता तुझ्याकडे वळू. तुझ्या आराखड्यात पहिला प्रश्न सहीचा नाहीच. याच बायका का?

मेघना : खरं सांगू? त्या तिथेच असतात. रोज सापडतात.

मावशी : ते कारण कमिटीसमोर टिकणार नाही. झोपेचा प्रश्न कुणाही बाईत अभ्यासता येत असेल, तर बाहेर जा. पण वॉर्डातले रात्रभर चालू दिवे, संध्याकाळी लवकर दिल्या जाणाऱ्या गोळ्या, यांचा झोपेवर काय परिणाम होतो हे पाहायचं असेल, तर त्याच बायका हव्यात आणि फायदाही त्यांनाच व्हायला हवा. तो प्रश्न घे.

मेघना : घेते. विचारायला मात्र वॉर्डच्या सिस्टरच येतील सोबत.

मावशी : अजिबात नको. जेवण, गोळ्या, घरच्यांची भेट, सगळं ज्यांच्या हाती, त्यांना नाही कोण म्हणेल? उपचाराशी संबंध नसलेली व्यक्ती विचारेल, सिस्टर तेव्हा दूर असतील. माहिती सांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं आणि तिलाच विचारायचं, ‘यंत्र कशासाठी बांधणार? नको म्हटलंस तर काय होईल?’ ‘काही होणार नाही’ हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. ‘गोळी बंद करतील’ असं उत्तर आलं, तर सही घ्यायची नाही.

मेघना : आणि जिला हे समजणारच नाही?

मावशी : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम ९९. जी स्वतः संमती देऊ शकत नाही, पण विरोधही करत नाही, तिच्यासाठी राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर तोच अभ्यास होऊ शकत नाही, हेही दाखवावं लागतं. तुझ्या विषयात समजणाऱ्या पुरेशा आहेत, म्हणून बाकीच्यांना घेऊ नकोस. आणि विरोध शब्दांतच येतो असं नाही. रात्री तिने यंत्र काढून फेकलं, हात मागे घेतला, तर तो नकार. पुन्हा बांधायचं नाही.

मेघना : सहभागी होणारीला बिस्किटांचा पुडा ठेवलाय.

मावशी : बाहेर तो किरकोळ. जिच्या हातात वर्षभर स्वतःचा पैसा नाही, तिला तो मोठा असतो. वॉर्डातल्या सगळ्यांनाच दे, हो म्हणो वा नाही. आणि किती जणींनी नको म्हटलं, किती मध्येच सोडून गेल्या, याची नोंद ठेव. चाळीस जणींना विचारलं आणि चाळीसही हो म्हणाल्या, तर मी कमिटीत पहिल्यांदा हेच विचारीन, की त्यांना विचारलं कसं होतं.

मेघना : मग माझी संख्या भरणार नाही.

मावशी : तर पंचवीस जणींचा अभ्यास कर, आणि निष्कर्ष तेवढ्यापुरतेच लिही.